कुलूप पानाला, फाईल उघडी

आठवीत शाळा सुटली माझी. चंद्रपूरकडून गेवराईला आले ती नवऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कामापायी. दिवसभर खोलीत बसून जीव घाबरा व्हायचा, म्हणून बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लागले. ऑनलाइन फॉर्म भरता भरता टायपिंग आलं. मालकाच्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून बघून वेबसाइट बनवायला शिकले. पहिल्या दोन नुसत्या हात बसावा म्हणून केल्या. तिसरी बाईंची.

बाई योग शिकवायच्या. मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलात सकाळी बायकांचा वर्ग घ्यायच्या. पत्रकांच्या झेरॉक्सला दुकानात आल्या आणि माझं काम बघून म्हणाल्या, "मला वेबसाइट पाहिजे. व्हिडिओ असतील, पण पैसे भरलेल्या बायकांनाच दिसतील असे. कधीपर्यंत होईल?"

किती शिकलीस, हे त्यांनी विचारलंच नाही. गेवराईत तसं पहिल्यांदा घडलं. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उपकार मी अजून मानते, म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

माझ्या चंद्रपूरकडच्या बोलण्यावर त्या हसायच्या. "'करून राहिली' काय गं? 'करायलीय' म्हण." मी म्हणायची. पण घाबरले की पुन्हा माझंच तोंडात यायचं. आणि मी सारखीच घाबरलेली असायची.

व्हिडिओ आम्ही हॉलातच काढले. बाई बोलायच्या आणि बाजारपेठेतल्या एका कापडदुकानदाराची सून आसनं करून दाखवायची. बाळंतपणानंतर तिची कंबर धरली होती. वर्गाला येऊन मोकळी झाली, म्हणून बाईंनीच तिला निवडलं. तिच्या सासूनं आधी नाही म्हटलं. मग हॉलात येऊन बाईंना बजावलं, "बाई, आमच्या सुनेचं अंग बाजारात दिसायला नको. बायका बघतील त्याला माजी ना न्हाई." बाईंनी शब्द दिला. लॉगिनच्या आतच राहील, असं मीही मान हलवून सांगितलं. सून मागं उभी होती. सासू पायऱ्या उतरून गेल्यावर तिनं ओढणी काढून खुर्चीवर ठेवली, सलवार-कुडत्यात चटईवर आडवी झाली आणि हळूच म्हणाली, "चला ताई, करा सुरू, मन बदलायच्या आत."

साइटवरच्या व्हिडिओच्या पानाला मी कुलूप लावलं. लॉगआउट करून उघडून पाहिलं, तर 'हा पाठ सभासदांसाठी आहे' एवढंच आलं. बाईंना दाखवलं. त्या खूश. ईमेल कुणाकडंच नव्हता आणि पासवर्ड बायका विसरल्या असत्या, म्हणून लॉगिन मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं ठेवलं. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं.

पैसे भरायचे तर नवऱ्याच्या फोनवरून. फॉर्ममध्ये नंबर पडला तोही त्याचाच. बायका व्हिडिओ बघणार दुपारी, काम आवरल्यावर, पोरांच्या शाळेसाठी घेतलेल्या जुन्या फोनवर. आणि ओटीपी जाणार शेतात, दुकानात, नाहीतर कुठल्या ट्रकच्या केबिनमध्ये. पहिल्याच आठवड्यात दिंद्रुडच्या एका सभासद बाईंचा फोन आला. "अगं ताई, मालक वावरात हायती. नंबर इचारला तर म्हनतेत, कावून पायजे? आता योगासन करायचंय म्हनून सांगू का काय ओरडून?"

माझ्याही फॉर्मवर माझ्या नवऱ्याचाच नंबर असायचा. मला कळायला पाहिजे होतं.

नंबर बदलायची सोय करायला दोन दिवस लागले असते. दिंद्रुडच्या बाई फोन करून करून थकल्या होत्या. मी काय केलं, पानातून व्हिडिओच्या फाईलचा पत्ता, म्हणजे लिंक, उचलला आणि त्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांच्या फोनवर तो थेट उघडला. लॉगिन नाही, ओटीपी नाही.

त्याच क्षणी थांबायला पाहिजे होतं. कुलूप मी पानाला लावलं होतं. व्हिडिओची फाईल साइटच्या फोल्डरमध्ये उघडीच पडली होती, पत्ता असेल त्याला दिसेल अशी. ते तिथंच उघड झालं होतं, आणि मी खूश झाले. अडलेलं काम निघालं. पुढच्या तीन आठवड्यांत ज्या ज्या बाईचा फोन आला तिला मी तसाच पत्ता पाठवला. बाईंना सांगितलं, "झाली सोय." त्या म्हणाल्या, "शाबास." ते 'शाबास' मी घरी नवऱ्यालाही ऐकवलं.

एकीनं जावेला पाठवला. जावेनं भावाला दाखवला. तिथून तो तालुक्याच्या कुठल्याशा ग्रुपवर गेला, खाली नको ते लिहून. एका सकाळी वर्ग चालू असताना सासू हॉलाच्या दारात उभी राहिली. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"बाई, तुमी शब्द दिलता का न्हाई?"

"दिला होता."

"मग गिऱ्हाइकानं दुकानात फोन फुडं करून आमच्या मालकाला इचारावं, 'शेठ, ही तुमचीच सून का?' लई शोभलं आमाला!"

बायका आसनात होत्या तशाच थांबल्या. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"चूक माझी," त्या सासूला म्हणाल्या. "लिंक माझ्याकडून गेली."

मी उठले नाही. 'नाही, मी पाठवली,' एवढंच म्हणायचं होतं. गेवराईत दुसरं काम कुठं मिळणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. सासूची नजर माझ्यावर आली. "आन् ही मान हलवनारी? हिनंच केलंय म्हनं कॉम्प्युटरचं. आठवी शिकलेलीला काय कळतंय?"

"तिला सगळं कळतं," बाई म्हणाल्या.

माझी बाजू घेतली म्हणून वर्गातल्या बायकांना ते गोड लागलं असेल. मला ते अजून लागतं. बाईंना साइटचा मेसेज आणि माझा मेसेज वेगळा ओळखू यायचा; लिंक मीच पाठवली, हे त्यांना ठाऊक होतं.

सासू गेल्यावर फाईल काढून टाकली. लिंक मेली. पण ज्यांनी व्हिडिओ उतरवून घेतला होता त्यांच्या फोनात तो होताच. पुढं मी सगळे व्हिडिओ दुसऱ्या एका सेवेवर नेले. तिथं ते फक्त आमच्याच साइटवर चालतात आणि पत्ता थोड्या वेळानं आपोआप बाद होतो. फॉर्ममध्ये बाईचा स्वतःचा नंबर वेगळा मागते. सगळं बरोबर झालं. दोन दिवसांचंच काम होतं.

सून परत आली नाही. बाई स्वतः त्यांच्या कापडदुकानात गेल्या, तर गल्ल्यावरून "ती माहेरी हाय" असं उत्तर मिळालं. तिचे पाठ काढून बाईंनी स्वतः करून पुन्हा भरले. मला मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसरं काम दिलं, तिसरं दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात लॉगिनच्या नोंदी बघत होते. सुनेला बाईंनी फुकट सभासद केलं होतं, तिचं खातं तसंच आहे. त्यावर एका गुरुवारी दुपारी तीनदा ओटीपी मागितलेला दिसला. तिन्ही वेळा गेला. एकदाही भरला नाही. खात्यावर नंबर अजून तिच्या नवऱ्याचाच आहे.

कंबर पुन्हा धरली असेल. नवऱ्यानं ओटीपी सांगितला नसेल, किंवा मागायची तिची हिंमत झाली नसेल.

ती नोंद मी बाईंना दाखवली. दाखवताना म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, त्या तीन ओळी वाचल्या.

"तिचा दुसरा नंबर आहे का तुझ्याकडं?"

"नाही."

"मग ओटीपी कुठं पाठवशील?" म्हणाल्या, आणि बायका जमल्या होत्या म्हणून वर्ग घ्यायला उठल्या.