फ्रान्सातल्या गिऱ्हाइकांना एकतीस प्रश्न

आमच्या सांगलीच्या कारखान्यातून काचेच्या बरण्यांत भरलेली हळद फ्रान्सातल्या अकरा दुकानांत जाते. त्यातल्या एका दुकानानं माल घेणं थांबवलं आणि मालकांनी कारण विचारायच्या आधीच निकाल लावला: बायकांचं पॅकिंग कच्चं, बरण्या फुटत असणार. मिरजेचा एक ठेकेदार मशीन घेऊन तयारच होता. पॅकिंगच्या सहा बायकांना दिवाळीनंतर कायमची सुट्टी.

मला संताप आला. कॉलेजात मी पाण्याच्या मोर्च्यांची पत्रकं लिहायचे, पुण्यात फ्रेंचही शिकले होते, त्यामुळे कारखान्याचा फ्रेंच पत्रव्यवहार माझ्याकडे होता. "पुरावा कुठाय?" मी मालकांना विचारलं.

"तुम्हीच आणा," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांचं लेखी मत. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. ऑक्टोबरच्या आत."

मी लगेच बसले. सर्वेक्षण म्हणजे काय, पत्रकच की! एकतीस प्रश्न झाले. सातवा असा: 'श्रमिक महिलांच्या हातच्या उत्कृष्ट पॅकिंगबद्दल आपण पूर्णपणे समाधानी आहात, हे आपणास मान्य आहे ना?' उत्तरं छापून, सही करून, शिक्का मारून, स्कॅन करून पाठवा, आणि तीही आठ दिवसांत, असं बजावलं. खाली दोन उद्गारचिन्हं. ऑगस्टचा पहिला आठवडा होता.

तीन आठवडे एकही उत्तर नाही. नंतर कळलं, ऑगस्टात निम्मी दुकानं बंद असतात आणि माणसं समुद्रावर. पण तोवर मी त्यांना परदेशी भांडवलदार म्हणून मोकळी झाले होते.

पॅकिंगवाल्या बायकांत वयानं मोठ्या एक मावशी होत्या, माण तालुक्यातल्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फॉर्म मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. बाराव्या प्रश्नाला त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"पोरी, ह्यो फॉर्म हाय का फौजदाराचा जबाब?"

"मावशी, तुमच्यासाठीच लिहिलाय."

"व्हय गं, पन दुकानात गिऱ्हाईक उभं आसताना त्यानं ह्ये कवा भरायचं? आन् 'उत्कृष्ट हाय ना?' असं कोन इचारतं? माजा जावई अशा इचारन्याला 'लय ब्येस' म्हनतो आन् कालवन तसंच ठिवतो."

बाकीच्या पाचजणी पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला, कारण त्यांचं काम जाणार होतं आणि हसत त्याच होत्या.

"मग काय विचारू?"

"बरनी फुटली का? झाकान नीट हाय का? आन् काय खटकतंय? बास."

सप्टेंबरात तेवढंच लिहिलं. सुरुवातीला नमस्कार, 'बाँझूर मादाम' किंवा 'मस्यू', प्रत्येकाच्या नावानं. तीन प्रश्न पत्रातच, फाईल नाही, लिंक नाही, शिक्का नाही. याच ईमेलला उत्तर द्या, एक ओळही पुरे, दोन मिनिटांचं काम आहे, तक्रार असेल तर बिनधास्त कळवा. शेवटी आभार आणि 'शक्यतो तीस तारखेपर्यंत'. आठवड्यानं एकदाच छोटी आठवण, मंगळवारी, तिकडं दुकान उघडायच्या वेळी.

अकरापैकी आठ उत्तरं आली!

ती छापून मी मालकांकडे नेली. ते म्हणाले, "यावर शिक्का कुठाय?" मी म्हटलं, "साहेब, ईमेलही लेखीच असतं." त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. शेवटी मी प्रत्येक कागदावर आमच्याच ऑफिसचा 'आवक' शिक्का मारला, नंबर टाकला. मग त्यांना ते लेखी वाटलं.

आता मला ती उत्तरं मोठ्यानं वाचायची होती. दारात मावशी उभ्या होत्या, बाकीच्या मागे. आठही जणांनी लिहिलं होतं: एकही बरणी फुटलेली नाही, झाकणं घट्ट, बरण्यांभोवती गुंडाळलेल्या कागदाच्या पट्ट्या सुबक. एका बाईंनी तर त्या पट्ट्या ठेवून दिल्या होत्या, नाताळच्या भेटींसाठी.

आठवं उत्तर माल बंद करणाऱ्या दुकानाचं होतं. तिथं मी थांबले.

"वाच की गं," मावशी म्हणाल्या.

"हळद उत्तम," मी वाचलं, "पॅकिंग सुरेख. पण... आपल्याकडून येणारी पत्रं फार लांब असतात आणि आपण आमच्यावर रागावला आहात असं वाटतं. एकदा माल पोचायची साधी तारीख विचारली, तर चार पानांचं उत्तर आलं. भीती वाटून ऑर्डर थांबवली."

मालकांनी चष्मा काढला. "ती चार पानं कोणी लिहिली?"

कागद दडपता आला असता. पण पुरावा मीच मागितला होता. "मी," म्हटलं.

मालकांनी ठेकेदाराला त्याच संध्याकाळी नको म्हणून कळवलं. बायकांचं काम राहिलं. मला मात्र नियम लागला: फ्रेंच पत्र पाच ओळींच्या वर गेलं, तर आधी मराठी करून पॅकिंगमध्ये मावशींना ऐकवायचं. हा माझ्या अभिव्यक्तीवरचा सरळसरळ घाला आहे, असं मी मालकांना लेखी कळवलं.

"किती पानं?" मावशींनी विचारलं.

"दोन."

"एक फाड."