पाणीसरांचा मेसेज

आमच्या क्रिकेट कोचना मुलं पाठीमागे ‘पाणीसर’ म्हणतात. मॅचच्या आदल्या संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज येणारच: मॅचआधी तीन तास पोटभर जेवण, तळलेलं बंद, डब्यात केळी, दोन लिटर पाणी, आणि तहान लागायची वाट न बघता घोट घोट पिणं. मी क्लबचा स्कोअरर. अकरा वर्षांत त्यातला एक शब्द हललेला नाही.

रविवारी टीममधली एकुलती मुलगी, आमची फास्ट बोलर, पायात गोळा येऊन मैदानातच बसली. सरांनी तिची बाटली उचलली, तर ती काठोकाठ भरलेली. सर भडकले. तिथूनच तिच्या आईला फोन लावला, तोही स्पीकरवर.

“अहो ताई, मी काय भिंतीशी बोलतो? मेसेज वाचता तरी का?”

“वाचते ना, सर. बाटली मीच भरते, ती तशीच परत आणते. तिथल्या बायकांच्या टॉयलेटला कुलूप असतं. पाणी पिऊन तिनं जायचं कुठे?”

सरांनी स्पीकर बंद केला. मग ते क्लबच्या सेक्रेटरीकडे गेले. त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. माळी म्हणाला, “किल्ली देतो की! पण आत खुर्च्या रचल्यात, आणि नळ तर कधीच नव्हता.”

पुढच्या शनिवारी, टॉयलेटात खुर्च्या अजून तशाच असताना, सर माझ्याशेजारी बसून मेसेज लिहीत होते. ‘घोट घोट’पाशी बोट अडलं.

“काय लिहू रे?”

मी उद्याच्या मॅचचं स्कोअरबुक उघडलं.

शेवटी जुनाच मेसेज गेला. त्यावर पहिला अंगठा तिच्या आईचा आला.