उभ्या गाडीची भूक

सुकेशनी आमच्या पतसंस्थेची ड्रायव्हर. गाव रिठद. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबायचे, ही शाळेची व्हॅन चालवून मोठी झाली. आम्ही बॅटरीवरची गाडी घेतली तेव्हा वाशीमातले नावाजलेले ड्रायव्हर तिला हात लावायला घाबरत होते. हिने कंपनीचं पुस्तक दोन दिवसांत वाचून काढलं आणि किल्ली मागितली. आमच्या अध्यक्षांनी आयुष्यात एखादं पुस्तक वाचून काढल्याचं मला ठाऊक नाही.

अध्यक्ष म्हणजे दौलतराव. गाडी घेतली तेव्हा डिझेल वाचवणारा पुढारी म्हणून त्यांनी पेपरात फोटो छापून आणला. मे महिन्यात दिवसाला दोन-तीन लग्नं. दौलतराव लग्नाला जातात म्हणजे मांडवाबाहेर गाडीत बसतात. काचा बंद, एसी अठरावर, कारण आकडा जितका खाली तितकं मोठेपण वर असा त्यांचा समज. लोक वाकून काचेतूनच नमस्कार करतात. नवरीचा बाप पाहुणे सोडून सरबताचा ग्लास घेऊन धावत येतो. आत म्हाताऱ्या बाया पत्रावळीने वारा घेत बसलेल्या असतात. मंगलाष्टकं लागली की साहेब उतरणार, अक्षता टाकणार, की परत गारव्यात. मी या संस्थेचा कारकून विनोद, त्यांच्या मागे हारांची पिशवी धरून उभा असतो. माझंही काही फार कौतुक करण्यासारखं नाही.

या वर्षी मेमध्ये एक गोष्ट उघडकीला आली. गाडी एप्रिलइतकेच किलोमीटर फिरली होती, पण चार्जिंगच्या मीटरवर युनिट दीडपट पडले होते. शहाण्या माणसाने आधी विचार केला असता. दौलतरावांनी आधी चोर शोधला.

‘‘बुद्धपौर्णिमेले गाडी दोन दिवस रिठदले होती,’’ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले. ‘‘तुमच्या वस्तीत भोंगे कायवर वाजले? या गाडीतून वायर काढता येते, मले सब मालूम हाये.’’

‘‘भोंग्याले मीटरचं कनेक्शन होतं, साहेब,’’ सुकेशनी म्हणाली. ‘‘करंट तुमी खाल्ला. उभ्या गाडीत बसून.’’

‘‘उभी गाडी काय खाते? बंदच असते ना ते! आवाज तरी येते का?’’

सगळे संचालक हसले. डिझेलची गाडी घरघरली की खाते, ही घरघरत नाही म्हणजे उपाशी असते, एवढं त्या मंडळींचं यंत्रज्ञान. शनिवारी किल्ली जमा करायची असं ठरलं. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होतो. ती निर्दोष आहे हे मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. तिची नोकरी जाणार होती हे एक. पण चोर ठरलेल्या बाईच्या हातात वाशीमात पुन्हा कोण गाडी देणार, हे त्याहून मोठं होतं.

सुकेशनी रडली नाही, हातापाया पडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘शनिवारी धनजले लग्न हाये. तेवढं एक नेते. विनोदभाऊले आकडे लिवाले सांगा. मंग किल्ली घ्या.’’ आपण तिला रंगेहाथ पकडणार या आनंदात दौलतराव कबूल झाले.

शनिवारी सकाळी गाडी शंभर टक्के भरलेली. चार्जिंगच्या झाकणावर मी संस्थेचा शिक्का मारलेला कागद चिकटवला, म्हणजे वायर लावायची सोयच राहिली नाही. धनज ऐंशी किलोमीटर. उन्हाचा पारा चव्वेचाळीस. अकरा वाजता पोचलो तेव्हा पडद्यावर पंचावन्न टक्के होते.

‘‘साहेब, परत जाले पंचेचाळीस लागतीन,’’ ती म्हणाली. ‘‘बॅटरी तीस युनिटची. हा एसी या उन्हात तासाले दोन युनिट घेते, म्हंजे सहा-सात टक्के. गाडी चालो की उभी राहो, त्याले घेनंदेनं नाही. तोच कॉम्प्रेसर बॅटरीलेही गार ठेवते. दीड तासाच्या आत मांडवात जाऊन बसा.’’

‘‘मले नको शिकवू.’’

तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि मांडवात सगळ्यांना दिसेल अशी बायांमध्ये जाऊन बसली. नवरदेव वेळेवर येईल तर ते वऱ्हाडातलं लग्न कसलं! दौलतराव सीट मागे पाडून घोरले. मी दर तासाला काचेतून डोकावून आकडा लिहीत होतो. अठ्ठेचाळीस. बेचाळीस. पस्तीस. तीन वाजता अठ्ठावीस. चाक तसूभर हललं नव्हतं, झाकणावरचा कागद जागच्या जागी होता. मी वही दाखवली तर साहेब म्हणाले, ‘‘पडदा खराब हाये.’’ डोळ्यांना दिसलं तरी डोक्यात शिरू द्यायचं नाही, याला किती मोठं पद लागतं!

निघालो. सुकेशनीने एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि वेगाचा काटा पंचेचाळीसवर धरला. भट्टीसारखी झळ आत आली. दौलतरावांचं जाकीट दहा मिनिटांत अंगाला चिकटलं.

‘‘एसी लाव!’’

‘‘लावते. मंग मंगरूळच्या पुढं ढकलत न्या.’’

‘‘मंग जोरात तरी हान!’’

‘‘जोरात हानलं की हवा ढकलन्यातच सारी ताकद जाते. ऐंशीवर गेलो तर दीडपट खाते. असंच चालू द्या.’’

वाटेत कारंज्यात चार्जर होता, पण गावातच वीज नव्हती. दौलतरावांनी मग आपल्या परीने काटकसर सुरू केली. आधी रेडिओ बंद केला. मग चार्जिंगला लावलेला मोबाईल काढला. सुकेशनी आरशातून बघत म्हणाली, ‘‘त्यानं काई होत नाही साहेब. मोबाईल दिवसभर लावला तरी एक मिनिटाच्या एसीएवढाही नाही खात.’’ ज्या माणसाने चार तासांत आठ युनिट झोपेत उडवले तो आता मोबाईलचा करंट वाचवत होता. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

मंगरूळ मागे पडलं. चौदा टक्के उरले होते, पस्तीस किलोमीटर बाकी. चार्जिंग पुरेल असं सुकेशनीचं तोंड सांगत होतं, दौलतरावांचं नाही. तेवढ्यात साहेबांना उपाध्यक्ष दुर्गाबाईंचा फोन आला. किल्ली घ्यायला संचालक ऑफिसात ताटकळत होते. घामाने साहेबांची बोटं निसटली आणि फोन स्पीकरवर गेला.

‘‘कुठं हायेत तुमी? धनजहून याले एवढा वेळ?’’

‘‘हळू येऊन राह्यलो. चार्जिंग कमी हाये.’’

‘‘भरून गेलते ना? कोनं खाल्लं?’’

दौलतराव स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले. मी पुढच्या सीटवर वही घेऊन बसलो होतो. मीटिंगमध्ये गिळलेलं शेवटी बाहेर आलं. ‘‘बाई, सगळे आकडे माह्यापाशी हायेत. साहेब चार तास एसी लावून उभ्या गाडीत होते. सत्तावीस टक्के तिथंच गेले. सुकेशनीनं गाडीले हातही लावला नाही.’’

दुर्गाबाईंचा आवाज कडाडला, ‘‘दौलतराव, मंग त्या पोरीले चोर म्हनलं ते कोन्या तोंडानं?’’

साहेबांनी घाम पुसला. रुमाल आधीच ओला होता. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, त्यात ‘चूक’ हा शब्द असावा.

सुकेशनीने नजर रस्त्यावरच ठेवली.

‘‘जोरात बोला साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘काचा उघड्या हायेत. वाऱ्यानं बाईले ऐकू जात नसन.’’

दौलतरावांनी एकदा एसीच्या बटणाकडे बघितलं, एकदा पडद्यावरच्या आकड्याकडे. मग ते ओरडले, ‘‘चूक माही होती! पोरीनं चोरी केली नाही!’’

रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसलेला बकऱ्यावाला उठून उभा राहिला आणि आमची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.