मोटर कोणी भरली?

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि पहिला महिना संपायच्या आत तिचं नाव टेस्टर पडलं. सरांनी मेन स्विच बंद केलाय, फ्यूज काढून खिशात टाकलाय, सगळ्या वर्गाने ते बघितलंय, तरी ही बया वायरला हात लावण्याआधी टेस्टर टेकवून खात्री करणार. पोरं खिदळायची. सर मात्र एकदा वैतागून म्हणाले, "हसा लेको. तुमच्यात म्हातारी होऊन मरणारी ही एकटीच आहे."

ती पास झाली, एका पंपाच्या कारखान्यात वर्षभर अप्रेंटिसशिप केली, तिची परीक्षा दिली, वायरमनचा परवाना काढला. एवढी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फायलीत घालून ती सासरी आली, तेव्हा सासूने विचारलं, "ही कसली पुस्तकं?" आणि फाईल कपाटात साड्यांच्या खाली गेली.

सासऱ्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटरमधली जुनी तार काढून नव्या तारेची वेटोळी बसवायची, याला त्या धंद्यात मोटर भरणं म्हणतात. सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत आणि त्यांनाही ते गोड लागे. गिऱ्हाईक आलं की उस्ताद मोटरीवर थाप मारत, वास घेत, आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणत, "परवा या." लोकांना तेवढ्यानेच बरं वाटायचं. माणूस खरंच हुशार होता, पण आपल्या हुशारीची जाहिरात करण्यातही काही कमी नव्हता.

मग त्यांचे हात कापायला लागले. आधी चहा सांडायचा, तेव्हा कपाला दोष दिला. पुढे तार खाचेत बसवताना घासायला लागली, तिच्यावरचा इनॅमलचा थर खरवडायचा आणि मोटर शॉर्ट व्हायची. एक मोटर आठवड्यात परत आली. उस्ताद दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसले. टेस्टरने संध्याकाळी ती उचलून प्लायवुडच्या आडोशामागे नेली, उकलली, पुन्हा भरली, आणि कोणाला काही न बोलता जागेवर आणून ठेवली. त्या दिवसापासून हाच रिवाज पडला. पुढच्या बाजूला उस्ताद थाप मारणार, वास घेणार, परवा या म्हणणार. आडोशामागे टेस्टर भरणार. गिऱ्हाईक समोर असलं की तिने बाहेर यायचं ते चहा घेऊनच. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण चुकून कधी मोडलंही नाही.

तिला याचा राग यायचा का? यायचा. चांगला यायचा. कोणी "उस्ताद, काय हात आहे तुमचा!" म्हणालं की आडोशामागे ती पक्कड जरा जोरातच ठेवायची. पण म्हाताऱ्याचा हात कापताना दिसला की राग विरघळायचा, आणि राग धड करताही येत नाही याचा पुन्हा वेगळा राग यायचा. अशी पाच वर्षं गेली.

एके दिवशी नवऱ्याने, जो टेम्पो चालवायचा आणि जगातल्या सगळ्या बातम्या फोनवर वाचायचा, तिच्यापुढे फोन धरला. "बघ. मोठ्या कारखान्यात मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन पाहिजे. आयटीआय, अप्रेंटिसशिप, परवाना. तुझं वर्णन करून जाहिरात दिलीय जणू!"

"आणि दुकान?"

"बेअरिंग बदलणं, पंप बसवणं मी बघेन. नाही तरी लोक आता मोटर भरण्यापेक्षा नवी घेतात. तू अर्ज तर कर."

टेस्टरने कपाटातून फाईल काढली. तिला ती नोकरी हवी होती, आणि का हवी होती हेही तिला चांगलं ठाऊक होतं. तिला पॅनेलं, कंट्रोल, चालती मशिनं यांच्यात काम करायचं होतं. आणि आपण केलेल्या कामापुढे आपलं नाव लिहिलेलं तिला एकदा तरी बघायचं होतं. तिने उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "कर की. मी कुठं आडवा येतोय?" आणि त्या दिवशी दोन्ही वेळा अर्धपोटी उठले.

ईमेलचा पहिला मसुदा नवऱ्याने केला. त्यात ती 'अत्यंत मेहनती, प्रामाणिक, जिद्दी व संघभावनेने काम करणारी' होती.

"यात मोटर कुठंय?" तिने विचारलं.

"मोटर नंतर येते. आधी गुण."

"लग्न जमवताय का माझं?" म्हणून तिने फोन ओढून घेतला आणि स्वतः लिहायला बसली.

*महोदय,*

*मेंटेनन्स इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी अर्ज करत आहे. आयटीआयचं इलेक्ट्रिशियन ट्रेडचं सर्टिफिकेट, अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट आणि वायरमनचा परवाना सोबत जोडला आहे. अप्रेंटिस असताना पंपांच्या टेस्टिंग विभागात होते.*

*गेली पाच वर्षं सासऱ्यांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मदतनीस आहे.*

*मला येणारी कामं: तीन फेजची मोटर उकलून, जुन्या वेटोळ्यांचे वेढे, तारेची जाडी आणि जोडणी नोंदवून ती पुन्हा भरणे. वार्निश देऊन भट्टीत वाळवणे. मेगरने इन्सुलेशन तपासणे, मोटर लोडशिवाय चालवून तिन्ही फेजचा करंट सारखा आहे का बघणे. जळालेली वेटोळी बघून मोटर ओव्हरलोडने जळाली, एक फेज गेल्याने जळाली की बेअरिंग खराब होऊन रोटर घासल्याने, हे सांगता येतं. स्टार-डेल्टा स्टार्टरचं वायरिंग करता येतं आणि ड्रॉइंग बघून बिघाड शोधता येतो. सप्लाय बंद करून, स्विचला कुलूप लावून, टेस्ट केल्याशिवाय मी हात लावत नाही.*

*मशिन चालवणाऱ्या पीएलसीचा प्रोग्राम मला येत नाही. त्याच्यावरचे इनपुटचे दिवे बघून कोणत्या सेन्सरचा सिग्नल येत नाही एवढं ओळखता येतं. शिकायची तयारी आहे.*

*चौकशीसाठी दुकानाचा नंबर खाली दिला आहे.*

नवऱ्याने वाचलं. "सगळं फक्कड आहे. पण मदतनीस का? तू कोणाला मदत करतेस? तिथं दुसरं आहे कोण?"

"राहू दे," ती म्हणाली.

"आणि येत नाही ते कशाला लिहायचं?"

"तिथं उभं केलं आणि आलं नाही, तर काय तोंड दाखवू?"

मदतनीस हा शब्द तिने दोनदा खोडला होता आणि दोनदा पुन्हा लिहिला होता. उस्तादांचा नंबर देऊन वर 'सगळ्या मोटरी मीच भरते' असं लिहिणं म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगण्यासारखंच झालं असतं. पाच वर्षं जे झाकलं ते एका ईमेलसाठी उघडं करायचं तिच्या जिवावर आलं. तिने बटण दाबलं आणि भाकरीचं पीठ मळायला उठली.

फोन आला तेव्हा दुकानात गिरणीवाला बसला होता. त्याची मोटर हातगाडीवरून आली होती आणि तो नेहमीसारखं सांगत होता, "उस्ताद, तुमच्याशिवाय कोणाच्या हाती मोटर देत नाही बघा मी." टेस्टर आडोशामागे एका पंपाची वेटोळी खाचेत बसवत होती. उस्तादांना ऐकायला कमी येई, म्हणून दुकानाचा फोन कायम स्पीकरवर असे आणि अख्ख्या गल्लीला फुकटात ऐकायला मिळे.

"मी कारखान्यातून बोलतोय, मेंटेनन्सचा इन्चार्ज. एका बाईंचा अर्ज आलाय, तुमचा नंबर दिलाय. त्या तुमच्याकडे मदतनीस आहेत ना?"

"आहे," उस्ताद म्हणाले. "माझी सून आहे."

"बरं. मला एक सांगा. वर मदतनीस लिहिलंय आणि खाली लिहिलंय की जळालेली मोटर बघून ती का जळाली ते सांगते. मदतनिसाला हे कुठून येणार? एक तर हे कोणाचं तरी बघून उतरवलंय, नाहीतर मदतनीस तरी चुकीचं आहे. आमच्या मोटरी भरून येतात आणि महिन्यात परत जळतात. मला का जळतात ते सांगणारं माणूस पाहिजे, पाना हातात देणारं नको. खरं सांगा, मोटर भरतं कोण?"

आडोशामागे टेस्टरचे हात थांबले. आता बाबा काय बोलतील ते तिला दिसत होतं. 'मी भरतो, ती हाताखाली असते,' एवढं म्हटलं की गिरणीवाल्यापुढे त्यांची अब्रू राहणार होती. आणि तिचा अर्ज तिनेच लिहिलेल्या शब्दावर बुडणार होता. तिला स्वतःच्या शहाणपणाची अशी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

उस्तादांनी गिरणीवाल्याकडे बघितलं. मग टेबलावर ठेवलेला आपला हात बघितला. तो कापतच होता.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला.

"ऐका साहेब," उस्ताद म्हणाले, आणि बहिरा माणूस बोलतो तेवढ्या मोठ्याने म्हणाले. "मदतनीस तिने माझी लाज राखायला लिहिलंय. पाच वर्षांत या दुकानातून गेलेली एकही मोटर माझ्या हातची नाही. माझे हात गेले. सगळ्या तिने भरल्यात. परत किती आल्या विचाराल, तर एकही नाही. माझ्या मात्र यायच्या, अगदी हात चांगले होते तेव्हासुद्धा."

गिरणीवाल्याचं तोंड उघडंच राहिलं.

मग इन्चार्ज म्हणाला, "त्यांना सोमवारी सकाळी ट्रेड टेस्टला पाठवा. ओरिजिनल सर्टिफिकेटं आणा म्हणावं. हातातली हत्यारं स्वतःची असली तरी चालतील."

फोन बंद झाला. टेस्टर आडोशाबाहेर आली, यावेळी चहा न घेता, वार्निशने माखलेल्या हातांनीच. "बाबा," एवढंच म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

"रडतेस काय? लिहायचं तर नीट लिहावं माणसाने," उस्ताद म्हणाले.

गिरणीवाल्याने घसा खाकरला. आतापर्यंत त्याने हिच्या हातचा पुष्कळ चहा प्यायला होता आणि मान वर करून तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. आता त्याने हातगाडीचा दांडा धरला, गाडी उस्तादांसमोरून वळवली आणि तिच्यापुढे आणून उभी केली.

"ताई," तो म्हणाला, "जरा बघता का, का जळलीय?"

"हिची नवी नोकरी लागतेय," उस्ताद मधेच म्हणाले. "मोटर शनिवारपर्यंत घेऊन जा. सोमवारपासून इथं हा हात मिळायचा नाही."

"बाबा, अजून टेस्ट व्हायचीय," टेस्टर म्हणाली.

"टेस्टच ना?" उस्ताद म्हणाले. "मग मला कसली काळजी?"