काचेपलीकडचे अहो

हे गेल्यानंतर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही, हे माझ्या आधी लक्षातच आलं नाही. पहिले काही महिने माणसांची ये-जा आणि कागदपत्रं यातच गेले. मग एक दिवस भाजीवाल्याशी टोमॅटोवरून हिंदीत कडाकडा भांडून घरी आले, पिशवी ओट्यावर आपटली आणि स्वतःशी म्हटलं, ‘मेला, सडके घातलेन खाली.’ माझाच आवाज ऐकून मी दचकले. सकाळपासूनचं ते माझं पहिलं मराठी वाक्य होतं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. यांच्या रेल्वेच्या नोकरीने जयपूरला आलो, वैशाली नगरात घर घेतलं आणि इथलेच झालो. मुलगी बंगळुरूला असते. फोनवर मी मराठीत विचारते, ती ‘हाँ आई, मतलब ठीकच आहे’ असं काहीतरी अर्धंमुर्धं बोलते आणि ठेवते. तिचा काय दोष? तिच्या शाळेत सगळी हिंदीच होती. पण माझ्या जिभेला गंज चढत चालला होता, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं, अगदी रडू येईल इतकं.

अशात यांना व्यायाम द्यायला यायच्या त्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा फोन आला. इथे जयपुरातच, सोडाला भागात, एक छोटी कंपनी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या घरी काळजी कशी घ्यायची, याचे ती व्हिडिओ करते, हिंदीत, गुजरातीत, आणखी कशाकशात. आता मराठीत करायचे होते. ‘आंटीजी, आपने तो सब किया हुआ है,’ त्या म्हणाल्या. केलं होतं खरं. पक्षाघातानंतर हे जवळजवळ दोन वर्षं पलंगावर होते. मी लगेच हो म्हटलं. दिवसचे दिवस मराठी बोलायचं काम, आणि तेही जयपुरात! मला तर सोन्याची खाण सापडल्यासारखं झालं.

स्टुडिओ म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना फोमचे चौकोन चिकटवलेले. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, एसी बंद, कारण माइकमध्ये घरघर येते. तिथली मुख्य बाई बिकानेरची, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. आणि एक पिकल्या मिशांचे भैया, जे मशीन चालवायचे. दोघांनाही मराठीचा गंध नव्हता, पण अक्षरं वाचता येत होती. देवनागरी ती, म्हणजे आपलीच असं त्यांना वाटायचं.

ते मशीन म्हणजे टेलिप्रॉम्प्टर. कॅमेऱ्यापुढे तिरकी काच, तिच्याखाली आडवा ठेवलेला टॅब. टॅबवर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात आणि काचेत सुलटी होतात. आपण काचेतलं वाचायचं, आणि काचेच्या बरोबर मागे लपलेला कॅमेरा आपल्याला बघत असतो. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, बाई आपल्याच डोळ्यांत बघून बोलतेय. मी म्हटलं, हे तर सोपं आहे. वाचायचंच तर आहे.

कपाळ माझं! पहिल्या दिवशी मी जे केलं, ते बघून मला माझाच राग आला. डोळे घड्याळाच्या लंबकासारखे डावी-उजवीकडे पळत होते. हनुवटी वर, मान ताठ, कुणाचं तरी नाक तपासतेय असा चेहरा. आणि आवाज? स्टेशनवरच्या घोषणेतसुद्धा याहून जीव असतो.

त्यातून मजकूर एखाद्या यंत्राने हिंदीवरून फिरवलेला होता. ‘रुग्णास पार्श्वस्थितीत वळविण्यापूर्वी त्यास पूर्वसूचना देणे आवश्यक आहे.’ अरे, कोण बोलतं असं? पलंगापाशी उभं राहून कुठली बायको असं बोलेल? मी तसं म्हटलंसुद्धा, जरा चढ्याच आवाजात. बिकानेरची बाई शांतपणे म्हणाली, ‘आंटीजी, फिर आप लिखिए. जैसा आप बोलती हैं.’ आणि पुढे अगदी गोड आवाजात सांगितलं, की परवा पुन्हा एकदा करून बघू. जमलं तर सगळी मालिका तुमची. नाही जमलं तर चेहरा नकोच, चित्रांवर मुंबईहून कुणाचा तरी आवाज चढवून घेऊ.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला ते काम हवं होतं. नाव नको, काही नको, फक्त तोंड उघडायला कारण हवं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी लिहायला लागले. आधी लिहिलं की ते परत त्या घोषणेसारखंच होत होतं. शाळेतला निबंध अंगात भिनलेला, काय करणार? मग पेन ठेवलं, उभी राहिले, रिकाम्या खुर्चीवरची उशी माणूस समजून वळवली, आणि जे तोंडातून निघालं तेच लिहिलं.

‘वळवायच्या आधी सांगा. न सांगता हात लावला, की माणूस दचकतो. त्यांचा पलीकडचा गुडघा वाकवा. पलीकडचा हात छातीवर घ्या. आता एक हात खांद्यावर, एक कमरेवर. आणि आपल्याकडे वळवा. ओढू नका. ओढलं की कातडी सोलते.’ एका ओळीत एकच गोष्ट. जिथे श्वास घ्यावा लागला तिथे ओळ तोडली. ‘२’ लिहिलं होतं ते खोडून ‘दोन’ केलं, कारण आकडा दिसला की मी अडखळते.

आणि ‘आधी सांगा’च्या खाली, आपसूक, लिहून गेले: ‘अहो, आता वळूया हं. मी धरलंय.’

तिसऱ्या दिवशी स्टुडिओत भैयांनी सगळं टॅबमध्ये घातलं. त्यांनी आपणहून कॅमेरा मागे नेला आणि चित्र तेवढंच राहावं म्हणून झूम वाढवला. लांबून डोळ्यांची हालचाल कमी दिसते, म्हणाले. अक्षरं मोठी केली, दोन्ही बाजूंची जागा सोडून मजकूर मधल्या अरुंद पट्टीत घेतला, आणि वाचायची ओळ बरोबर कॅमेऱ्याच्या भिंगासमोर आणली. मी दुहेरी भिंगाचा चष्मा काढून नुसता लांबचा जुना चष्मा लावला. त्या दुहेरी चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला म्हणूनच माझी हनुवटी वर जात होती! इतकी साधी गोष्ट, आणि मी बसले होते स्वतःला घमेंडखोर समजत.

‘आप अक्षरों के पीछे मत भागिए,’ भैया म्हणाले. ‘मैं आपके पीछे आऊँगा.’ मी थांबले तर मजकूर थांबेल, मी बोलले तर पुढे सरकेल. भाषा कळत नसली तरी अक्षरांवर बोट ठेवून ते माझ्या आवाजाच्या मागोमाग येणार होते.

मग त्यांनी मान वर करून विचारलं, ‘और ये अहो जी कौन हैं?’

मला हसू फुटलं. किती दिवसांनी! त्यांना ते नाव वाटलं होतं. बिकानेरची बाई म्हणाली, नाव नको, आंटीजी. कुणाच्या घरी आई आजारी असेल, कुणाच्या घरी भाऊ. मी समजावलं, अहो नाव नाही, नवऱ्याला हाक मारायची आमची रीत आहे, नाव घेत नाही आम्ही. ती म्हणाली, तरीही, सगळ्यांसाठी नाही ना ते? आणि तिचं बरोबरच होतं. शब्द काढला. तिथे फक्त ‘आता वळूया हं. मी धरलंय.’ एवढंच राहिलं.

पण भैयांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी तो शब्द पार सुरुवातीला, पहिल्या ओळीच्याही वर, एकटाच ठेवला. म्हणाले, हा बोलायचा नाही. फक्त बघायचा आणि सुरू करायचं. काचेशी बोलता येत नाही, कुणा एकाशीच बोलता येतं.

पंखा बंद झाला. काचेत, भिंगाच्या जागी, तेवढी दोनच अक्षरं होती. अहो.

या शब्दाची मी किती वर्षं सवय केली होती! अहो, चहा झालाय. अहो, ऐकलंत का? हे गेल्यापासून तो एकदाही तोंडातून निघाला नव्हता. कुणाला म्हणणार? फोटोला म्हणायची माझी जात नाही. ते मला नाटकी वाटतं.

मजकूर वर सरकला, शब्द गेला, आणि मी बोलायला लागले. कसं ते सांगता येणार नाही, पण मी वाचत नव्हते. ओळी यायच्या आणि मी त्या आधीच म्हणत असायचे. ‘वळवायच्या आधी सांगा. न सांगता हात लावला, की माणूस दचकतो.’ आणि मग, समोर तो शब्द लिहिलेला नसताना, मी म्हटलं, ‘अहो, आता वळूया हं. मी धरलंय.’

आणि थांबले.

थांबायचं काही ठरलं नव्हतं. पण घरी मी रोज तिथे थांबायचे. यांची वाचा गेली होती, फक्त एक ‘हं’ तेवढा उरला होता. तो आला की मगच मी वळवायचे. तो यायला वेळ लागायचा, आणि मी खांद्यावर आणि कमरेवर हात ठेवून वाट बघायचे.

काचेतला मजकूरही थांबला होता. भैयांनी सरकवला नाही. खालून कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न आला, तो बहुतेक माइकमध्येही गेला असेल. मग मी पुढे बोलले, ‘पलीकडचा गुडघा वाकवा,’ आणि ओळी पुन्हा चालू लागल्या.

संपल्यावर बिकानेरच्या बाईने आधी पंखा लावला. नंतर म्हणाली, तो शब्द राहू दे. तो थांबाही राहू दे. बाकीचे व्हिडिओ कधीपासून सुरू करायचे? मी म्हटलं, ‘कल से,’ आणि जिन्याने खाली उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं, की रिक्षावाल्याशी घासाघीसही केली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तो व्हिडिओ फोनवर पाठवला. दुपारची वेळ होती, मी मटार सोलत होते. फोन डब्याला टेकवून लावला. पडद्यावरची बाई थेट माझ्याकडे बघत होती. डोळे कुठे पळत नव्हते. मनात म्हटलं, बरी दिसतेय की. आवाजही माणसासारखा आहे.

‘अहो, आता वळूया हं,’ ती म्हणाली. ‘मी धरलंय.’

आणि वाट बघत थांबली. घरात दुसरं कुणीच नव्हतं. मी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हटलं, ‘हं.’