दहा किलोची मुलगी आणि एक मिली औषध

मी तशी फटकळ. कोथरूडमधल्या आमच्या छोट्या बालरुग्णालयात वीस वर्षं सिस्टर आहे, आणि भल्याभल्या डॉक्टरांना तोंडावर सुनावलंय. ज्या दुपारी तोंड उघडायला हवं होतं, नेमकी त्याच दुपारी गप्प राहिले.

जुलाबांनी सुकलेली सव्वा वर्षाची मुलगी. आईने आणली, आम्ही पायाला सलाइन लावलं, आणि थोड्याच वेळात तिचं हृदय बंद पडलं. दुसरी सिस्टर छाती दाबू लागली. डॉक्टर नवे, आठवड्यापूर्वी रुजू झालेले.

"वजन?"

"दहा किलो."

"ॲड्रेनालिन द्या."

ॲड्रेनालिनची कुपी एक मिलीची, औषध तीव्र. नऊ मिली सलाइन घालून ते दहा मिली करायचं, आणि त्या पातळ औषधातलं किलोमागे ०.१ मिली द्यायचं. दहा किलोला एक मिली. मी दहा मिलीच्या सिरिंजमध्ये पातळ केलं, त्यातलं एक मिली छोट्या सिरिंजमध्ये काढून डॉक्टरांच्या हाती दिलं. सिरिंजवर चिठ्ठी नाही, तोंडी सांगणं नाही. आमच्याकडे सिस्टर पातळ करूनच देते, त्यात काय सांगायचं!

त्यांनी सलाइनची मोठी सिरिंज मागितली. औषध पुढे ढकलायला असेल, म्हणून दिली आणि मी डोक्याशी जाऊन फुग्याने श्वास देऊ लागले. माझी नजर तिच्या छातीवर होती. नाडी लागेना. चार मिनिटांनी दुसरा डोस, तसाच. काही नाही. ओठ निळे. मी मनातल्या मनात देवाला शिव्या घालत होते.

तिसऱ्या वेळी सहज पायाकडे पाहिलं. डॉक्टर माझं एक मिली नऊ मिली सलाइनमध्ये सोडत होते.

"अहो, काय करताय?"

"पातळ करतोय."

"मी केलेलंच आहे!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्या आधीच्या रुग्णालयात सिस्टर कुपी तशीच भरून देत, पातळ डॉक्टर करत. दोन्हीकडे हाती येणाऱ्या सिरिंजमध्ये एकच मिली, दिसायला सारखंच. म्हणजे दोन्ही वेळा त्यांनी माझ्या एक मिलीचे दहा करून त्यातलं एकच दिलं, मुलीला दहावा हिस्साच गेला होता.

मी माझ्या दहा मिलीच्या सिरिंजमधून पुन्हा एक मिली काढलं, मोठ्याने ओरडले, "पातळ केलेलं, एक मिली, असंच द्या!" त्यांनी दिलं. पुढचे डोसही बरोबर गेले. आम्ही छाती दाबत राहिलो, हात भरून आले तरी. ती परतली नाही.

आधीचे दोन डोस पुरे गेले असते, तर ती वाचली असती? कोणालाच सांगता येणार नाही. मला ते सांगता येत नाही, याचाच मला राग येतो.

झालेली चूक डॉक्टरांनी कागदावर लिहिली, खाली मीही सही केली. आईला काय ते मोठे डॉक्टर येऊन सांगणार होते. पण त्यांच्या आधी मीच तिला सापडले.

"सिस्टर, औषध वेळेवर दिलंत ना?"

"वेळेवर दिलं," मी म्हणाले. तिने माझा हात धरून कपाळाला लावला.