श्रावणातला पांढरा रुमाल

नवऱ्यावर चोरीचा आळ घेऊन त्याला दवाखान्यात आणणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

नव्वदच्या दशकात मी जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. श्रावणातली दुपार होती, बाहेर धुकं आणि भुरभुर पाऊस. ओपीडी आटोपत आली असताना साखरशेतचे एक गुरुजी बायकोसह आत आले. गुरुजी माझे जुने पेशंट. मधुमेह मोठा आणि गोळ्या मर्जीप्रमाणे. मी रागावले की ते हात जोडून सगळं कबूल करायचे आणि घरी जाऊन पुन्हा तेच करायचे. माझा अर्धा घसा त्यांच्यावर ओरडून बसला असेल.

आज त्यांच्या उजव्या डोळ्याखाली सूज होती. पापणी अर्धी मिटलेली.

"गांधीलमाशी चावली वाटतं," गुरुजी म्हणाले. "त्या बाजूची दाढही ठणकते. दोन इंजेक्शनं द्या, म्हणजे संध्याकाळी पोथीला बसता येईल."

श्रावणभर गावात पोथी ते वाचत. त्यांचा आवाज खणखणीत, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

"माशी बिशी काय नाय," बायको म्हणाली. "बाय, यांना आधी विचारा, तपकीर कुठून आणतात."

गुरुजींचा तपकिरीचा नाद सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. चिमूट ओढल्याशिवाय त्यांचा फळ्यावर खडू उमटत नसे. त्यामुळे खिशात कायम चॉकलेटी रुमाल, डाग दिसू नयेत म्हणून. श्रावणात मात्र ते तपकीर सोडत. पहिल्याच दिवशी डबी बायकोच्या हवाली करायची आणि महिनाभर पांढराशुभ्र रुमाल मिरवायचा, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. तो रुमाल ते गरज नसतानाही चारचौघांत झटकत.

बायकोने कमरेची पिशवी उघडली आणि एक रुमाल माझ्या टेबलावर टाकला. त्यावर काळपट डाग होते.

"धुवायला घेतला तर हे. नेम देवाचा आणि चोरी घरात."

"देवाशपथ नाय ओढली," गुरुजी म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. "चाळीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवतो मी."

"मग नाकातून काय काजळ येतंय?"

मला हसू आवरेना. पण हसता हसता मी रुमाल हातात घेतला आणि थांबले. तपकिरीचा डाग तांबूस असतो, वाळला की भुकटी झडते. हा डाग काळा होता, चिकट, त्यात रक्ताची छटा.

"डबी कुठे आहे?" मी बायकोला विचारलं.

"माझ्या पेटीत. किल्ली ही." तिने पदराची गाठ दाखवली.

"गुरुजी, एकेक नाकपुडी दाबून शिंकरा बघू." डावीकडून काही आलं नाही. उजवीकडून तसंच काळं आलं. तपकीर ओढणारा माणूस दोन्ही नाकपुड्यांना सारखा न्याय देतो. हे एकाच बाजूचं होतं, सुजेच्याच बाजूचं.

मी गालाला कापूस लावला. डाव्या गालावर कळला, उजव्यावर कळेना. "दाढी करताना कापलं तरी समजलं नाही," गुरुजी सहज बोलून गेले. एकाची दोन माणसं दिसतात का, विचारलं तर म्हणाले, "कालपासून बायका दोन दिसतात. एकीलाच उत्तरं देता देता दमलोय." नाकात बॅटरी मारली. आत काळी खपली होती. सळईने हलकेच टोचलं तर त्यांना दुखलं नाही, रक्तही आलं नाही. तो भाग मेलेला होता.

आता माझं हसू पार पळालं. शिकत असताना असा एकच रुग्ण पाहिला होता, उशिरा आलेला. त्याचा डोळा गेला आणि मागोमाग तोही गेला. ही बुरशी असते. हवेत, मातीत, कुजक्या पाचोळ्यात सगळीकडे असते आणि आपल्याला काही करत नाही. रक्तात साखर माजली की मात्र तिला रान मोकळं मिळतं. नाकातून शेजारच्या पोकळ्यांत शिरते, तिथून डोळ्याच्या खोबणीत, तिथून मेंदूत. रक्तवाहिन्याच बंद करत जाते, म्हणून मांस काळं पडतं. आज काळी बुरशी म्हटलं की घरोघरी कळतं. तेव्हा कोणाला नावही माहीत नव्हतं.

लघवी तपासली. निळं औषध उकळताच विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर भरमसाट. ॲसिटोनही निघालं, म्हणजे मधुमेह पार हाताबाहेर गेलेला.

"गोळ्या घेताय ना?" मी विचारलं.

"उपासाच्या दिवशी नाय. उपासाला गोळी कशी चालेल?"

"आणि केळी, साबुदाणा, गोड चहा चालतो?"

"ते उपासाचंच हाय," गुरुजी निरागसपणे म्हणाले.

मी त्यांना सरळ सांगितलं. आजच्या आज मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं. नाकाच्या आतलं मेलेलं सगळं खरवडून काढावं लागेल.

"श्रावण संपला की जातो," ते म्हणाले. "पोथी अर्धी सोडता येत नाय."

"श्रावण संपेपर्यंत डोळा राहणार नाही, गुरुजी. कदाचित तुम्हीही नाही. मग पोथी कोण वाचणार?"

बायकोने टेबलावरचा रुमाल उचलून त्याची घडी केली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "अहो, चला. मी तुम्हाला उगीच चोर म्हटलं."

सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं. समोरच्या एसटीडी बूथवरून मी माझ्या नाक-कान-घशाच्या सरांना फोन लावला. शिकवताना ते मला ठोंब म्हणत. "काळी खपली? टोचलं तर दुखत नाही?" एवढंच विचारून म्हणाले, "पाठव. थांबू नकोस." गुरुजींना नेणारी दवाखान्याची जीप घाट उतरून दिसेनाशी झाली तरी मी दारातच उभी होते. मला फार भीती वाटत होती.

मुंबईत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे रुंद धागे दिसले आणि लगेच शस्त्रक्रिया झाली. पुढे कित्येक आठवडे उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीतून औषध शिरेत जात होतं. ते चढलं की गुरुजी थंडीने कुडकुडत. मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो, म्हणून रक्त सारखं तपासत. दुसऱ्यांदा खरवडावं लागलं. डोळा वाचला.

दिवाळीनंतर ते आले. उजवी पापणी किंचित खाली, गाल अजून बधिर, आणि साखर आयुष्यात प्रथमच ताब्यात. त्यांनी तपकिरीची डबी माझ्यासमोर ठेवली.

"ही तुम्हाला. आता कायमची सोडली."

"शहाणपण आलं म्हणायचं."

"शहाणपण कसलं," गुरुजी म्हणाले. "तपकीर ओढली की रुमाल डागाळणारच. मग पुन्हा ते काळं आलं तर हिला कळणार कसं?"

त्या डबीत मी अजून टाचण्या ठेवते.

पुढच्या श्रावणात मी मुद्दाम साखरशेतला पोथी ऐकायला गेले. देवळात माणसं दाटीने बसली होती. गुरुजी दोन्ही डोळ्यांनी वाचत होते, आवाज तसाच खणखणीत. बायको शेजारीच बसली होती, पण तिचं लक्ष पोथीत नव्हतं. अध्याय संपला, गुरुजींनी नाक पुसलं, तसा तिने त्यांच्या हातातून रुमाल काढून घेतला आणि समईच्या उजेडात धरून नीट पाहिला. मग माणसांच्या डोक्यांवरून तो मला उंच करून दाखवला. पांढरा होता.